राजीनाम्याचा ईमेल लिहिलाय, पण हँडओव्हरचा परिच्छेद पोकळ वाटतोय

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. साडेचार वर्षांनंतर सध्याची नोकरी सोडते आहे. परदेशात नोकरी मिळाली, कामाचा परवानाही हातात आलाय, त्यामुळे जाण्याबद्दल आता काही शंका उरलेली नाही. ५ तारखेला राजीनामा द्यायचा आहे. नोटीस ६ आठवड्यांची, म्हणजे शेवटचा दिवस पुढच्या महिन्याची १६ तारीख.

आमची टीम ५ जणांची. त्यातली बिलिंगची सर्व्हिस जवळजवळ मी एकटीनेच उभी केली आहे. दर महिन्याच्या १ तारखेला मागच्या महिन्याची बिलं तयार होतात, मग बँकेकडून आलेल्या नोंदींशी ताळा जुळवायचा, आणि ३ तारखेपर्यंत सगळं बंद करायचं. माझ्या मॅनेजरांनी मला पहिल्या वर्षी फार सांभाळून घेतलं. माझ्या चुकीने प्रॉडक्शन ४ तास बंद पडलं होतं, तेव्हा ते वरिष्ठांसमोर माझ्या बाजूने उभे राहिले. अशा माणसाला अर्धवट काम सोपवून जायचं नाहीये, म्हणून हा धागा.

मूळ ईमेल इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते:

> सर, जड मनाने कळवते की मी राजीनामा देत आहे. परदेशात एक चांगली संधी आली आहे. पहिल्या वर्षी माझ्या हातून प्रॉडक्शन बंद पडलं तेव्हा तुम्ही ज्या पद्धतीने पाठीशी उभे राहिलात ते मी कधीच विसरणार नाही. तुमच्याकडून खूप शिकले. सगळ्या कामाचा हँडओव्हर मी व्यवस्थित करून देईन. गेल्यानंतरही केव्हाही फोन करा, तिथूनही लॉगिन करून लागेल ती मदत करेन.

आभार मनापासून लिहिलेत. हँडओव्हरचं वाक्य मात्र मला स्वतःलाच पटत नाही.

---

मीच_तो

अभिनंदन! एवढा विचार करू नका. हँडओव्हर म्हणजे डॉक्युमेंट. विकीवर सगळं लिहून काढा, केटीचे चार कॉल घ्या, ते रेकॉर्ड करून ठेवा. ईमेलमध्ये फक्त 'केटी १० तारखेपर्यंत पूर्ण करेन' असं लिहा. मी दोन कंपन्या अशाच सोडल्या, कुणी फोन केला नाही.

---

जुना_खांब

मी बरीच वर्षं टीम सांभाळतो आहे. राजीनामे दिलेत, घेतलेतही.

आधी एक साधी गोष्ट. हा ईमेल म्हणजे बातमी नव्हे. बातमी समोर बसून सांगायची, निदान फोनवर तरी, आणि ईमेल त्याच दिवशी पाठवायचा. ईमेल मॅनेजरांच्या इनबॉक्समध्ये राहत नाही. तो एचआरकडे जातो, तुमच्या फाइलला लागतो, आणि तुम्हाला कधीही न भेटलेली माणसं तो वाचतात. तुमच्या मसुद्यात शेवटच्या दिवसाची तारीखच नाही. त्यांना सगळ्यात आधी हवी असते ती तीच. 'देत आहे' एवढ्याने नोटीस कधीपासून मोजायची ते कळत नाही.

याच कारणासाठी प्रॉडक्शन बंद पडल्याचा उल्लेख मी काढेन. प्रसंग खरा आहे, भावना खरी आहे, पण तुमची चूक तुमच्याच शब्दांत कायमची फाइलला लागते. ते शब्द समोर बसून सांगा, किंवा वेगळ्या खासगी पत्रात लिहा. ईमेलमध्ये आभाराला जागा हवीच, पण त्यांनी तुम्हाला काय शिकवलं यावर बोला.

आता हँडओव्हर. मीच_तो यांचं निम्मं बरोबर आहे. लिहून ठेवलंच पाहिजे. पण लिहिलेलं पुरेसं आहे की नाही, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. ज्या पायऱ्या तुमच्या हाताला सवयीच्या झाल्या आहेत त्या तुम्ही लिहीतच नाही, कारण त्या पायऱ्या आहेत हेच जाणवत नाही. दुसऱ्याने तुमच्यासमोर, तुम्ही गप्प बसलेल्या असताना, ते काम करून पाहिलं की त्या सापडतात.

तुमच्या बाबतीत एक अडचण ठळक दिसते. ५ ते १६ या ६ आठवड्यांत १ तारीख किती वेळा येते?

---

पाऊलवाट

एकदाच! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी मनात धरलं होतं की या १ तारखेला नवीन माणूस माझ्याशेजारी बसून बघेल आणि मग पुढच्या वेळी तो करेल. पण पुढच्या वेळी मी नसेन.

---

जुना_खांब

तेच म्हणायचं होतं. एरवी आपण आधी 'तू बघ', मग 'तू कर, मी बघते', मग 'तू एकटा कर' अशा क्रमाने जातो. महिन्यातून एकदाच होणाऱ्या कामाला या क्रमासाठी ३ महिने लागतात. तुमच्याकडे एकच फेरी आहे, म्हणून ती बघण्यात घालवू नका. त्या १ तारखेला काम नव्या माणसानेच करायचं, तुम्ही शेजारी.

मग 'बघायचं' कधी? त्याची तालीम आधी घ्यायची. स्टेजिंगवर मागच्या महिन्याचा डेटा घेऊन तिसऱ्या आठवड्यात बिलिंगची एक पूर्ण फेरी चालवा. त्या महिन्याचे खरे आकडे तुमच्याकडे आहेतच, त्यामुळे निकाल बरोबर आला की नाही तेही ताडून पाहता येईल. ही फेरी तुम्ही चालवा आणि त्याने बघत बघत रनबुक लिहावं. रनबुक त्याने लिहायचं, तुम्ही तपासायचं. तुमच्या हातात राहिलं तर पुन्हा सवयीच्या पायऱ्या गळतील.

---

तळटीप

परवाना हातात आला आहे हे वाचून बरं वाटलं. माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. मला नव्या कंपनीचं पत्र मिळालं आणि त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. परवाना 'येईलच' असं सगळे म्हणत होते. तो ३ महिने उशिरा आला. इथला शेवटचा दिवस होऊन गेला होता आणि तिथे रुजू होता येत नव्हतं. मधल्या काळात घरच्यांना रोज तेच ते सांगून थकलो. मॅनेजरांना विचारलं असतं तर त्यांनी तारीख पुढे ढकलली असती, पण माझ्या जागी माणूस आला होता.

पगाराचं काय ठरलं तुमचं? काउंटर ऑफर आली तर थांबणार का?

---

पाऊलवाट

तळटीप, वाचून वाईट वाटलं. मी म्हणूनच परवान्यासाठी थांबले होते. काउंटर ऑफरचा प्रश्न नाही, जायचं नक्की आहे. धागा फक्त ईमेल आणि हँडओव्हरबद्दल आहे.

---

रात्रपाळी

मी सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी. माणूस गेल्यावर काय तुटतं ते आम्हाला दिसतं, आणि सहसा तो गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते. एक जण गेला. हँडओव्हर नमुनेदार होता, डॉक्युमेंट वाचून आम्ही त्याचं कौतुक केलं होतं. शेवटच्या दिवशी नियमाप्रमाणे त्याचं अकाउंट बंद केलं. पुढे ८० दिवस सगळं सुरळीत. ८१व्या दिवशी सकाळी साइट उघडली की ब्राउझर लाल इशारा दाखवू लागला. सर्टिफिकेटची मुदत संपली होती.

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं होतं, म्हणजे ९० दिवसांचं. ३० दिवस उरले की सर्टबॉट ते आपोआप नवं करतो. पण हा आपोआप चालणारा भाग त्याच्या वैयक्तिक क्रॉनटॅबमध्ये होता. जाण्याआधी १० दिवस शेवटचं नूतनीकरण झालेलं, पुढचं गेल्यानंतर ५० दिवसांनी व्हायला हवं होतं. पण अकाउंटच नाही म्हटल्यावर क्रॉन त्याचं काही चालवत नाही, लॉगमध्ये ORPHAN अशी एक ओळ टाकून गप्प बसतो. ती ओळ वाचणारं कुणी नव्हतं. त्या काळी लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपण्याआधी ईमेल पाठवायचं, तो गेला त्याच्याच बंद पडलेल्या पत्त्यावर. आता तर २०२५च्या जूनपासून त्यांनी ते ईमेल पाठवणंच थांबवलं आहे.

त्या मुलाने काही लपवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी घाईत लावलेली एक ओळ तो विसरला होता, एवढंच. म्हणून माझी कळकळीची विनंती: 'मी काय काय करते' याची यादी करण्याआधी 'माझ्या नावावर काय काय चालतं' याची यादी करा. पहिली डोक्यातून लिहिता येते, दुसरी मशीनला विचारावी लागते. तुमचं लॉगिन असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर:

```
crontab -l
systemctl --user list-timers
```

आणि प्रत्येक रेपोमध्ये स्वतःचं युजरनेम व ईमेल शोधा:

```
git grep -n -i "tumcha-username"
```

यातून सूचना पाठवायचे पत्ते, अलर्टच्या याद्या, कुठेतरी कायमचं लिहून ठेवलेलं तुमचं नाव असं बरंच बाहेर येतं. टोकन मात्र यात सापडणार नाहीत. ती ज्या त्या सेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन बघावी लागतात.

---

मीच_तो

क्रॉनटॅब आता कोण वापरतं? आमचं सगळं वेळापत्रक गिटहब ॲक्शन्सवर आहे. ते रेपोचं असतं, माणसाचं नाही. माणूस गेला तरी काही फरक पडत नाही.

---

रात्रपाळी

मलाही असंच वाटायचं. पण गिटहबवर ठरल्या वेळी चालणारा वर्कफ्लो एका माणसाला बांधलेला असतो: ज्याने त्यातल्या cron वेळेच्या ओळीत शेवटचा बदल कमिट केला त्याला. तो माणूस ऑर्गनायझेशनमधून निघाला की तो वर्कफ्लो बंद होतो. पुन्हा सुरू व्हायला रेपोत लिहिण्याची परवानगी असलेल्या दुसऱ्या कुणीतरी ती वेळ बदलून कमिट करावी लागते. पाऊलवाट, हे जाण्याआधीच करून घ्या. ७ वाजताची वेळ नव्या माणसाने ७ वाजून ५ मिनिटं केली तरी काम झालं.

डिप्लॉय की मात्र माणसासोबत जात नाही, ती चालूच राहते. त्यामुळे एकाच रेपोत एक गोष्ट तुमच्यासोबत मरते आणि दुसरी मागे जिवंत राहते. अंदाजाने चालत नाही, एकेक तपासावं लागतं.

---

मीच_तो

हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडून मागच्याच महिन्यात एक जण गेला. उद्या सकाळी पहिलं हेच बघतो.

---

पाऊलवाट

रात्रपाळी, काल रात्री तुमचे आदेश चालवले. क्रॉनटॅबमध्ये ३ ओळी निघाल्या. दोन ठाऊक होत्या. तिसरी दर मंगळवारी पहाटे एक फाइल तयार करून भागीदार कंपनीच्या सर्व्हरवर टाकते. ती मीच लिहिली आहे, कमिटवर माझंच नाव आहे, तरी मला ती आठवत नव्हती. शिवाय बँकेच्या नोंदी आणणारं टोकन माझ्या वैयक्तिक अकाउंटवर काढलेलं आहे. म्हणजे १७ तारखेपासून ताळा जुळला नसता, आणि ते कळलं असतं थेट त्यापुढच्या १ तारखेला.

---

जुना_खांब

अशा वेळी मी एक तालीम घेतो, आणि ती ईमेलमध्येच सुचवावी असं माझं मत आहे. शेवटच्या दिवसाच्या साधारण आठवडाभर आधी तुमचं अकाउंट दोन दिवसांसाठी तात्पुरतं बंद करायला सांगा. तुम्ही ऑफिसात असाल, बोलायला मोकळ्या असाल, फक्त लॉगिन नसेल. जे तुटायचं ते तेव्हाच तुटू द्या. त्या दोन दिवसांत मंगळवार येईल असं बघा, नाहीतर ती तिसरी ओळ पुन्हा निसटेल.

महिन्याचं काम मात्र या दोन दिवसांत दिसणार नाही. म्हणून १ ते ३ तारखेच्या फेरीत आणखी एक अट घाला: सगळं नव्या माणसाच्या लॉगिनने. कुठे परवानगी अडली तर 'थांब, मी माझ्याकडून करते' असं म्हणायचा मोह होईल. तो आवरा. अडलं तिथे परवानगी मागा आणि ती अडचण रनबुकमध्ये लिहून ठेवा.

---

दूरदेशी

मी काही वर्षांपूर्वी असाच परदेशात आलो. तुमच्या मसुद्यातलं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. 'तिथूनही लॉगिन करून मदत करेन' हे कृपया काढून टाका.

मीही लिहिलं होतं, अगदी प्रेमापोटी. नोकरीचा परवाना पुष्कळ देशांत विशिष्ट कंपनीसाठीच असतो, आणि नव्या कंपनीच्या करारात दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही असं कलम बहुधा असतंच. पैसे घेतले नाहीत म्हणजे ते काम नाही, असं धरून चालू नका. तुमची जुनी कंपनीही अडचणीत येऊ शकते, कारण बिलिंग म्हणजे ग्राहकांची माहिती, आणि ती कोणत्या देशातून उघडली जाते यावर त्यांच्या करारांत बंधनं असू शकतात. माजी कर्मचाऱ्याचं चालू लॉगिन ही गोष्ट तर कुठल्याही तपासणीत खटकणारी.

आणि साधं व्यवहारातलं सांगतो. नव्या ठिकाणचा पहिला महिना घर शोधणं, कागदपत्रं, नवा कोडबेस यात जातो. त्यात जुन्या ऑफिसचा फोन मध्यरात्री येतो. मी ७ आठवडे तसे फोन घेतले. दोन्हीकडची कामं रेटून केली आणि दोन्हीकडे कमी पडलो.

---

जुना_खांब

दूरदेशींशी सहमत, पण पूर्ण नाही. मदतीचं अजिबात काही लिहू नये असं मला वाटत नाही. 'अमुक तारखेपर्यंत ईमेलवर विचारलेल्या प्रश्नांना आठवणीतून उत्तर देईन, लॉगिन नसेल' एवढं लिहावं. मॅनेजरला त्याचा मोठा आधार असतो.

---

दूरदेशी

मी तेवढंही लिहिणार नाही. तोंडी सांगेन. लिहिलं की ती अपेक्षा होते. शिवाय नवा करार वाचल्याशिवाय तर नाहीच नाही.

---

पाऊलवाट

दोघांचंही पटतंय. नव्या कंपनीचा करार पुन्हा वाचला, त्यात बाहेरच्या कामाला मनाई आहे. सहज उत्तर दिलं तर ते 'काम' होतं का हे त्यावरून कळत नाही. त्यांना विचारलं आहे. तोवर ईमेलमध्ये त्याबद्दल काहीच लिहीत नाही.

आज नवा मसुदा केला:

> विषय: राजीनामा, शेवटचा दिवस १६ तारीख
>
> सर, आज सकाळी बोलल्याप्रमाणे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. करारातली ६ आठवड्यांची नोटीस आजपासून धरून १६ तारीख हा माझा शेवटचा दिवस असेल. कौटुंबिक आणि व्यावसायिक विचार करून मी परदेशात स्थायिक होते आहे.
>
> काम अडलं की आधी काय ठाऊक आहे ते लिहून काढायचं आणि मगच दोष शोधायचा, ही सवय मला तुमच्यामुळे लागली. बिलिंगची सर्व्हिस मला एकटीला सोपवण्याचा विश्वास तुम्ही दाखवलात, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.
>
> नोटीसच्या काळात महिनाअखेरची बिलिंग फेरी एकदाच येते, म्हणून हँडओव्हर तिच्याभोवती आखावा असं सुचवते. पहिल्या दोन आठवड्यांत माझ्या नावावर चालणारी सगळी कामं, टोकन आणि अलर्ट यांची यादी करून ती टीमच्या अकाउंटवर हलवेन. तिसऱ्या आठवड्यात स्टेजिंगवर मागच्या महिन्याची पूर्ण फेरी चालवू आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती त्यावरून रनबुक लिहील. १ ते ३ तारखेची खरी फेरी त्याच व्यक्तीने स्वतःच्या लॉगिनने करावी, मी शेजारी असेन. त्यानंतरच्या आठवड्यात माझं अकाउंट मंगळवार धरून दोन दिवस बंद ठेवून काय अडतं ते पाहावं. उरलेले दिवस सापडलेल्या त्रुटींसाठी ठेवते.
>
> यासाठी ही व्यक्ती तिसरा आठवडा सुरू होण्याआधी ठरली तर बरं होईल. टीमला कधी आणि कसं सांगायचं ते तुम्ही ठरवाल तसं.

नवीन मसुद्यात मुद्दाम कुणाचं नाव सुचवलं नाही. माझ्या मनात एक मुलगी आहे, पण ते सरांनी ठरवायचं.

---

जुना_खांब

नाव टाकलं नाही हे उत्तम. शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. जबाबदारी कुणाकडे हे ठरायला उशीर होणं हीच नेहमीची रड असते, आणि त्याची तारीख तुम्ही आदराने का होईना, त्यांच्यापुढे ठेवली आहे.

एकच बदल. 'कौटुंबिक आणि व्यावसायिक विचार करून' काढा. 'परदेशी जाते आहे' एवढं पुरे.

---

तळटीप

कंपनीचं आणि देशाचं नाव सांगणार का? मी सांगितलं होतं आणि मग परवाना लांबल्यावर सगळे विचारत राहिले.

---

पाऊलवाट

सरांना तोंडी सांगेन, ईमेलमध्ये नाही.

---

पाऊलवाट

पाठवला. आधी भेटून सांगितलं. सर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तू जाणार हे वाटतच होतं, एवढ्या लवकर वाटलं नव्हतं." पहिल्या वर्षीचा तो प्रसंग मी तिथेच बोलून दाखवला. त्यांना त्यातलं फारसं आठवत नव्हतं, मला प्रत्येक मिनिट आठवत होतं.

अकाउंट दोन दिवस बंद ठेवायची कल्पना त्यांना आवडली, पण सुरक्षा विभागाची परवानगी लागेल म्हणाले. जबाबदारी कुणाकडे ते अजून ठरलेलं नाही. दोन नावांचा विचार चालू आहे, त्यातली एक व्यक्ती १ तारखेला रजेवर आहे.

रात्रपाळी, मंगळवारच्या त्या फाइलबद्दल एक विचारायचं होतं. भागीदार कंपनीत ती कुणी वाचतं का हेच आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही. बंद करून टाकू का?

---

रात्रपाळी

स्वतःहून बंद करू नका. तुम्ही गेल्यावर कुणी विचारलं तर 'तिने जाताना बंद केली' एवढंच कानावर येईल. आधी त्यांच्या तांत्रिक संपर्काला सरांना सीसीत ठेवून विचारा. उत्तर आलं नाही तर ते काम टीमच्या अकाउंटवर हलवा आणि यादीत त्यासमोर लिहा: वापर होतो का माहीत नाही, अमुक तारखेला विचारलं, उत्तर नाही.

---

पाऊलवाट

विचारलं आहे. आज तिसरा दिवस, अजून उत्तर नाही. यादीत तसं लिहून ठेवलं.